दुकानाच्या नावाची बेरीज

नवा धंदा सुरू करणाऱ्याच्या हातात हल्ली बरेचदा एक कागद असतो. ठरवलेल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग त्यावर सुटं सुटं लिहिलेलं असतं. प्रत्येक अक्षराखाली एक आकडा असतो, उजवीकडे बेरीज असते आणि बेरजेभोवती गोल केलेला असतो. गुमास्ता काढण्याआधी आणि पाटीवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी हा कागद एखाद्या अंकशास्त्र्याकडून तपासून आणला जातो. नाव ‘पाचात बसतं’ असं तिथून कळलं की घरची मंडळी निर्धास्त होतात. नाव आठात गेलं की स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर वाढतं किंवा गळतं.

ही बेरीज कशी करतात, ती कुठून आली, कोणत्या आकड्यांना चांगलं म्हणतात आणि त्या म्हणण्याला आधार कितपत आहे, याचा एकत्र हिशेब मराठीत क्वचितच मांडला जातो. पुस्तकं आहेत, पण प्रत्येक पुस्तक स्वतःचीच रीत खरी मानून चालतं. इथे मी रीती शेजारी शेजारी ठेवतो आहे. कुणाच्या श्रद्धेची टर उडवण्याचा हेतू नाही. नाव ही धंद्यातली पहिली गुंतवणूक असते. ती करताना माणूस आधार शोधतो, यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही.

अक्षराला आकडा देण्याची जुनी सवय

अक्षरांनी संख्या लिहिण्याची पद्धत प्राचीन आहे. हिब्रू आणि ग्रीक लिपींत वेगळे अंक नव्हते, तेव्हा अक्षरंच अंकांचं काम करत. मग शब्दाची बेरीज आपोआपच निघायची, आणि समान बेरजेच्या शब्दांत नातं शोधण्याचा मोह व्हायचा. अरबीत हीच रीत ‘अबजद’ म्हणून चालली. 786 हा आकडा बिस्मिल्लाच्या अक्षरांची बेरीज म्हणून आपल्याकडे रिक्षांवर आणि दुकानांवर दिसतो, तो याच वाटेने आला. इसवीसनापूर्वी आठव्या शतकातला असिरियाचा राजा दुसरा सारगोन याने खोर्साबादच्या तटाची लांबी 16,283 हात ठेवली आणि हा आपल्या नावाचा आकडा आहे असं कोरून ठेवलं. म्हणजे नावाचा आकडा ही कल्पना मेसोपोटेमियात खरोखरच होती. तो आकडा त्याने कसा काढला, हे मात्र कुणाला उलगडलेलं नाही.

भारतात कटपयादी पद्धत होती. तीत क, ट, प, य या अक्षरांना 1 धरून पुढची व्यंजनं मोजतात. पण तिचा उपयोग ज्योतिर्गणितातल्या संख्या श्लोकांत बांधायला आणि कर्नाटक संगीतात मेळकर्ता रागांचे क्रमांक नावात गुंफायला झाला. कुणाचं नाव शुभ की अशुभ हे ठरवायला ती वापरत नसत. आपल्या पंचांगातलं अवकहडा चक्र वेगळंच काम करतं. तिथे नक्षत्राच्या चरणावरून नावाचं फक्त पहिलं अक्षर मिळतं आणि बेरीज करावी लागत नाही. ‘राशीप्रमाणे च वरून नाव ठेवलं’ असं एखादा दुकानदार सांगतो, तेव्हा तो या परंपरेत असतो. ‘नाव तेवीसवर आणलं’ म्हणणारा दुसऱ्याच परंपरेत असतो. बोलताना या दोन गोष्टी सहज मिसळतात, म्हणून आधीच वेगळ्या केलेल्या बऱ्या.

दोन कोष्टकं

आज धंद्याच्या नावासाठी दोन कोष्टकं चालतात. एकाला खाल्डियन म्हणतात आणि दुसऱ्याला पायथागोरियन.

```
खाल्डियन
1: A I J Q Y   2: B K R   3: C G L S
4: D M T       5: E H N X 6: U V W
7: O Z         8: F P     9: -

पायथागोरियन
1: A J S  2: B K T  3: C L U
4: D M V  5: E N W  6: F O X
7: G P Y  8: H Q Z  9: I R
```

दुसरं कोष्टक समजायला सोपं आहे. ए ते झेड ओळीने लिहायचं आणि 1 ते 9 पुन्हा पुन्हा मोजत जायचं. त्याचा पायथागोरसशी थेट संबंध नाही, कारण तो ग्रीक होता आणि ही आहे आजची इंग्रजी वर्णमाला. तिच्यातली जे आणि यू ही अक्षरं आय आणि व्ही यांच्यापासून पुरती वेगळी झाली ती छपाईच्या युगात. या कोष्टकाचा आजचा प्रसार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झाला, आणि त्यात अटलांटिक सिटीच्या एल. डाऊ बॅलिएट या बाईंच्या पुस्तकांचा मोठा वाटा आहे.

भारतात मात्र पहिल्या कोष्टकाचं राज्य आहे. त्याचं कारण आहे कीरो. विल्यम जॉन वॉर्नर असं मूळ नाव असलेला हा आयरिश हस्तसामुद्रिक 1866 साली जन्मला आणि 1936 साली वारला. त्याच्या अंकांवरच्या पुस्तकाची भाषांतरं आणि रूपांतरं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खपली. तमिळनाडूत पंडित सेतुरामन यांनी हीच रीत पुढे नेली. कीरोने संयुक्त अंकांचे अर्थ 52 पर्यंत दिले होते, ते त्यांच्या परंपरेत 108 पर्यंत गेले. दुकानाचं, संस्थेचं लांबलचक नाव 52 च्या पुढे सहज जातं, त्यामुळे धंद्याच्या नावांसाठी ही वाढ उपयोगी पडली.

खाल्डियन कोष्टकाचा क्रम पहिल्यांदा पाहताना विस्कळीत वाटतो. आय, जे आणि वाय 1 का, के 2 का, एल 3 का, हे कळत नाही. हिब्रू अक्षरांच्या किमती शेजारी ठेवल्या की कोडं बरंचसं सुटतं. आलेफ 1, बेथ 2, गिमेल 3, दालेथ 4 ही सुरुवात झाली. पुढे योद 10, काफ 20, लामेद 30, मेम 40, नून 50 येतात. पे 80 आहे, आणि शेवटी कोफ 100, रेश 200, शिन 300, ताव 400 अशी अक्षरं आहेत. यातली शून्यं पुसा. आय 1, के 2, एल 3, एम 4, एन 5, पी 8, क्यू 1, आर 2, एस 3, टी 4. एखाददुसरं अक्षर सोडलं तर हेच ते ‘खाल्डियन’ कोष्टक. प्रत्यक्ष बाबिलोनचे लोक कीलाकार लिपीत लिहीत, तिच्यात ए ते झेड नव्हतंच.

9 कुठल्याच अक्षराला का दिलेला नाही, याचाही उलगडा इथेच होतो. नऊ हा परमेश्वराचा आकडा म्हणून तो बाजूला ठेवला, असं कीरोच्या परंपरेत सांगतात. हिब्रूत 9 आहे तेथ या अक्षराचा आणि 90 त्सादेचा. या दोघांना रोमन लिपीत स्वतंत्र जोडीदार अक्षरच नाही. मला हे दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण त्याने बाकीचं कोष्टकही उलगडतं. श्रद्धा ठेवणाऱ्याने या माहितीने खट्टू होण्याचं कारण नाही. कोष्टक जुनंच आहे, फक्त ते ज्या गावचं सांगतात त्या गावचं नाही.

बेरीज प्रत्यक्षात

आता एक नाव घेऊन बसू. समजा, सतरा तारखेला जन्मलेल्या एका माणसाला बांधकामाच्या सामानाचं दुकान काढायचं आहे आणि नाव ठरलं आहे ‘गणेश ट्रेडर्स’. जन्मतारखेची बेरीज 1 + 7 = 8, हा त्याचा मूलांक. पूर्ण तारीख, महिना आणि सालाच्या बेरजेतून निघतो तो भाग्यांक. नावाच्या बेरजेला नामांक म्हणतात.

```
G A N E S H      3+1+5+5+3+5   = 22
T R A D E R S    4+2+1+4+5+2+3 = 21
22 + 21 = 43,  4 + 3 = 7
```

43 हा संयुक्त अंक झाला आणि 7 हा एकांक. खाल्डियन रीतीत खरं वजन संयुक्त अंकाला असतं. कीरोच्या यादीत 43 म्हणजे उलथापालथ, अपयश आणि अडथळे. अंकशास्त्री इथेच पेन खाली ठेवून म्हणेल, हे नाव घेऊ नका.

पण बेरजेचा आणखी एक मार्ग आहे, आणि तोही कीरोचाच आहे. प्रत्येक शब्दाचा आधी एकांक काढायचा आणि मग एकांकांची बेरीज करायची. 22 चे झाले 4, 21 चे झाले 3, मिळून 7. आता 43 कुठेच नाही, त्याच्याबरोबर त्याचं भाकीतही गेलं. एकांक मात्र दोन्ही वाटांनी सातच आला, आणि तो नेहमी सारखाच येणार. नऊने भाग देऊन उरलेली बाकी कशीही बेरीज केली तरी बदलत नाही, हे शाळेत बेरीज ताडून पाहताना आपण वापरलेलं आहे. म्हणजे एकांक पक्का असतो आणि संयुक्त अंक मार्गावर अवलंबून असतो. नेमका त्या संयुक्त अंकावरच शुभाशुभाचा निवाडा होतो. या विषयातली ही सगळ्यांत नाजूक जागा आहे, आणि पुस्तकं तिच्यावरून फार घाईने पुढे जातात.

आता हेच नाव पायथागोरियन कोष्टकात घालू. गणेशचे 27 होतात, ट्रेडर्सचे 31. एकूण 58, त्याचे 13, त्याचे 4. एक कोष्टक सात म्हणतं, दुसरं चार.

दुरुस्तीकडे वळू. नाव पाचावर आणायचं तर 43 चे 50 करायला हवेत, म्हणजे सातची भर.

```
GAANNESHA TRADERS   29 + 21 = 50,  एकांक 5
```

आकडा जमला. पण ग्राहकाने फोनवर नाव ऐकलं आणि नकाशावर शोधायला गेला, तर हे स्पेलिंग तो टाइप करेल का? धनादेशावर नाव कसं लिहील? बँकेचं चालू खातं, पॅन, जीएसटी आणि पाटी यांतल्या एकाही ठिकाणी एक अक्षर चुकलं की पैसे अडकतात, अर्ज परत येतो. स्पेलिंग वाकवून आकडा साधणाऱ्याला हा त्रास पुढे वर्षानुवर्षं पुरतो.

जाणती माणसं दुसरा रस्ता घेतात. ती स्पेलिंगला हात न लावता शब्द बदलतात. ‘ट्रेडर्स’च्या जागी ‘ट्रेडिंग’ घेतलं की 20 होतात, एकूण 42 आणि एकांक 6. पायथागोरियन रीतीनेही हे नाव 64 वरून 1 वर येतं. ‘स्टोअर्स’ घेतलं तर 24, एकूण 46 आणि एकांक 1. ही दोन्ही नावं मराठी माणसाच्या तोंडात सहज बसतात. अंक मानायचाच असेल, तर तो असा मानावा असं माझं मत आहे.

कोणता आकडा हवा

सर्वांत जास्त मागणी पाचाला आहे. पाच बुधाचा आणि बुध व्यापाराचा, शिवाय पाचाचं कुणाशी वैर नाही असं मानतात. म्हणून 23, 32, 41 आणि 50 या बेरजा धंद्यासाठी नावाजलेल्या आहेत. त्यांतही 23 ला कीरोने सिंहाचा राजतारा म्हटलं आहे. सहा शुक्राचा, म्हणून सराफी, कापड, हॉटेल, सौंदर्यप्रसाधनं यांसाठी 24 किंवा 42 सुचवतात. एक सूर्याचा. त्यात 19, 37, 46 या बेरजा पुढारपणाच्या आणि भागीदारीला चांगल्या समजतात. तीन गुरूचा, शिकवणी वर्ग आणि सल्लागारांसाठी. नऊ मंगळाचा, जमीन आणि यंत्रांच्या कामांसाठी.

चार, सात आणि आठ यांना बहुतेक जण टाळतात. चार राहूचा, सात केतूचा, आठ शनीचा. पण इथे एकमत नाही. लोखंड, तेल, खाणकाम हे शनीचेच धंदे, मग त्यांना आठ का चालू नये, असं म्हणणारा एक गट आहे. 17 ही बेरीज आठात जाते, तरीही कीरोने तिला शुभ म्हटलं आहे. तेव्हा आठ वाईट पण सतरा चांगला, असा अपवाद नियमाच्या पोटातच बसलेला आहे.

मालकाच्या मूलांकाशी नावाचा मेळ हवा, ही पुढची अट. आपल्या दुकानदाराचा मूलांक 8. कीरोचा सल्ला असा की आठवाल्यांनी चार आणि आठ वाढवू नयेत, एकासारख्या अंकांकडे जावं. त्या हिशेबाने ‘गणेश स्टोअर्स’ उत्तम. पण आपल्याकडचे पुष्कळ अंकशास्त्री ग्रहांची मैत्री पाहतात. सूर्य आणि शनी शत्रू, म्हणून आठवाल्याला एक नको. त्यांच्या मते ‘गणेश ट्रेडिंग’ बरं, कारण शुक्र शनीचा मित्र आहे. एकाच माणसाला, एकाच कोष्टकावरून, दोन प्रामाणिक सल्लागार उलट उत्तरं देऊ शकतात, आणि दोघांकडेही आधाराला परंपरा असते. मालक दोन असतील आणि त्यांचे मूलांक वेगळे असतील तर कुणाचा धरायचा, यावर ठाम नियम मला कुठे आढळलेला नाही. काही जण नोंदणीच्या तारखेलाच धंद्याची जन्मतारीख मानतात.

नाव म्हणजे नेमकं काय

बेरीज कशाची करायची, हा प्रश्न कोष्टकापेक्षाही मोठा आहे. पाटीवरचं नाव, नोंदणीचं पूर्ण नाव की लोकांच्या तोंडी असलेलं नाव? इन्फोसिसचं उदाहरण घ्या. 1981 साली पुण्यात नोंदलेली ही कंपनी पुढे अनेक वर्षं इन्फोसिस टेक्नॉलॉजीज होती आणि 2011 साली तिचं नाव इन्फोसिस लिमिटेड झालं.

```
INFOSYS                28,  एकांक 1
INFOSYS TECHNOLOGIES   28 + 51 = 79,  एकांक 7
INFOSYS LIMITED        28 + 22 = 50,  एकांक 5
```

28 बद्दल कीरो म्हणतो की आशा मोठी, पण दुसऱ्यांवर विसंबून तोटा, धंद्यात विरोध आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सातही व्यापाराला टाळायचाच. पन्नास मात्र उत्तम. म्हणजे कंपनीची सगळ्यांत गाजलेली वाढ सातात झाली आणि ती पाचात आली ती मोठी झाल्यावर. चितळे या आडनावाची बेरीज 22, ती भोळेपणाचा इशारा देते. चितळे बंधू म्हटलं की 45, एकांक 9, आणि ते शुभ. कोणता भाग धरायचा हे यश दिसल्यानंतर ठरवलं, तर बेरीज कधीच चुकत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक खास वळण मिळालं आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या सर्व दुकानांना देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान असता कामा नयेत असं ठरलं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. आता पाटीवर मोठं दिसणारं नाव देवनागरीत असतं आणि बेरीज होते बाजूच्या रोमन स्पेलिंगची. नावाच्या स्पंदनांचा परिणाम पाहणाऱ्यावर आणि उच्चारणाऱ्यावर होतो असं मानलं, तर देवनागरी ‘गणेश’चं काय? त्याला एकच लेखन आहे. रोमनमध्ये एक ए की दोन, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. काही अंकशास्त्री याला उत्तर देतात की आंतरराष्ट्रीय व्यवहाराची लिपी रोमन, म्हणून तीच धरायची. हे उत्तर सोयीचं आहे. पण त्याने ध्वनीच्या स्पंदनाची बाजू सोडून द्यावी लागते, हे मात्र कुणी उघड म्हणत नाही.

कायदाही कानाच्या बाजूने आहे. कंपनीचं नाव मागताना अनेकवचन, शब्दांमधली जागा, विरामचिन्हं आणि मुद्दाम बदललेलं स्पेलिंग एवढाच फरक असेल, तर 2014 च्या कंपनी नोंदणी नियमांप्रमाणे तो फरक धरला जात नाही. जुन्या कंपनीशी नाव जुळतं असं मानून अर्ज फेटाळला जातो. व्यापारचिन्हांच्या खटल्यांतही उच्चारातलं साम्य पाहतात. अमृतधारा आणि लक्ष्मणधारा यांच्या 1962 च्या निकालापासून हा धागा चालत आला आहे. तेव्हा दोन ए घालून आपलं नाव वेगळं झालं असं अंकशास्त्राच्या कागदावर दिसलं, तरी निबंधकाच्या कानाला ते जुनंच असतं.

पुरावा कुठे आहे

बाजू घेणारे यशस्वी नावं दाखवतात. किर्लोस्कर या स्पेलिंगची बेरीज 23, महिंद्रचीही 23. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, करून पाहा. पण ही आडनावं आहेत, बेरीज करून निवडलेली नावं नव्हेत. उलट बाजूने जेट एअरवेजचं नाव घेता येईल. जेटचे 10, एअरवेजचे 15, दोन्ही बेरजा कीरोच्या यादीत चांगल्या, आणि एप्रिल 2019 मध्ये विमानं जमिनीवर आली. त्यावर लगेच उत्तर मिळतं की एकूण 25, एकांक 7. अशा निवडक उदाहरणांनी कुठलीच बाजू सिद्ध होत नाही. शिवाय बंद पडलेल्या हजारो दुकानांच्या पाट्या कधीच उतरल्या आहेत, त्यांची बेरीज करायला कुणी जात नाही.

एक साधा हिशेब मात्र प्रत्येकाने करावा. 1, 3, 5, 6 आणि 9 हे चांगले धरले तर नऊपैकी पाच अंक शुभ झाले. म्हणजे डोळे मिटून ठेवलेलं नावही निम्म्याहून अधिक वेळा शुभ निघेल. दोनपैकी कोणत्याही एका कोष्टकात शुभ आलं की चालेल असं म्हटलं, तर ही शक्यता 81 पैकी 65, म्हणजे ऐंशी टक्क्यांवर जाते. त्यात स्पेलिंगचे दोन पर्याय आणि ‘अँड सन्स’ धरायचं की नाही याची मोकळीक मिळवा. मग कुठलंही नाव शुभ ठरवता येतं, आणि ठरवायचं असेल तर अशुभही.

आकड्यांवरच्या विश्वासाचा बाजारावर परिणाम होतो, एवढं मात्र अभ्यासांत दिसलं आहे. चीनमध्ये शुभ मानलेले अंक असलेल्या संकेतांकाचे नवे शेअर सुरुवातीला चढ्या भावाने विकले जातात आणि पुढे मागे पडतात, असं 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. तिथे काम केलं ते घेणाऱ्यांच्या विश्वासाने. 2006 च्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की उच्चारायला सोप्या नावांचे नवे शेअर सुरुवातीच्या दिवसांत अवघड नावांपेक्षा सरस ठरले. नावाचा परिणाम होतो, हे अंकशास्त्र्याचं मूळ म्हणणं इथे अर्धं खरं ठरतं. फरक एवढाच की तो परिणाम जिभेवर आणि कानावर मोजला गेला, बेरजेवर नाही.

धंद्याच्या नामांकाची थेट, नीट आखलेली चाचणी माझ्या पाहण्यात नाही. ती अशक्य नाही. फलज्योतिषासाठी डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात 2008 साली अशी चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळल्या आणि त्या ओळखायला ज्योतिषांना बोलावलं. 27 जणांनी उत्तरं दिली, आणि यशाचं प्रमाण नाणेफेकीहून चांगलं निघालं नाही. याच धर्तीवर एखाद्या शहरात एकाच वर्षी नोंदलेल्या दुकानांची नावं आणि मालकांच्या जन्मतारखा अंकशास्त्र्यांपुढे ठेवता येतील. पाच वर्षांनी कोणती चालू असतील हे त्यांनी आधी लिहून द्यायचं. कोष्टक, बेरजेचा मार्ग आणि नावाचा कोणता भाग धरायचा, हेही आधीच ठरवायचं. नामांक मानणाऱ्यांनी ही चाचणी स्वतःहून मागावी असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांचं म्हणणं टिकलं तर तिथेच टिकेल.

तोवर जो सल्ला घेणार आहे त्याला एक विनंती. अंकशास्त्र्याला नाव सांगण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. कोष्टक कोणतं, बेरीज सलग की शब्दवार, नावाचा कोणता भाग धरणार, आणि कोणते अंक चांगले. मग नाव सांगा. आणि ठरलेलं नाव पाटीवर जाण्याआधी एखाद्या अनोळखी माणसाला फोनवरून एकदाच सांगून त्याला लिहायला लावा. त्याने ते चुकीचं लिहिलं, तर बेरीज काहीही येवो, ते नाव घेऊ नका.